ऑफिसात ०.७, घरी ०.२

*"मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत सपोर्ट टीमची लीड आहे. आठ जणांची टीम आहे आणि आमचे ओकेआर, म्हणजे तिमाहीची ऑब्जेक्टिव्ह आणि ती गाठली का हे मोजणारे की रिझल्ट, दोन वर्षं नीट चाललेत. मागच्या तिमाहीत पहिल्या उत्तराची वेळ नऊ तासांवरून चारवर आणायची होती, ती साडेपाचवर आली. पाच तास कमी व्हायचे होते, साडेतीन झाले, म्हणजे १ पैकी ०.७. त्याच धर्तीवर जानेवारीत स्वतःसाठी शीट केली. तब्येत, जर्मन (नवऱ्याला म्युनिकची ऑफर येण्यासारखी आहे आणि मला जर्मनच्या पहिल्या पातळीची ए१ परीक्षा लागेल असं ऐकते) आणि बचत, अशी तीन ऑब्जेक्टिव्ह. अकरा की रिझल्ट. आठ किलो वजन कमी, ए१ पास, जर्मनच्या ॲपवर नव्वद दिवस सलग हजेरी, महिन्याला वीस हजार शिल्लक, मुलीबरोबर रोज अर्धा तास वगैरे. फेब्रुवारीच्या मध्यापासून शीट उघडलीच नाही. मार्चअखेर हिशेब केला तर ०.२. ही पद्धत एकट्या माणसासाठी नाहीच का, की माझ्यातच शिस्त कमी आहे?"*
*– एक वाचक, पुणे*

पद्धत एकट्यालाही चालते आणि शिस्तीबद्दल मी एवढ्यात काही बोलणार नाही, कारण तुमच्या शीटवरून ती कळायला मार्गच नाही. तेच तिचं मुख्य दुखणं आहे. ऑफिसमधून तुम्ही घरी आणलात तो ओकेआरचा नुसता तक्ता. तो तक्ता ज्या गोष्टींच्या आधारावर उभा असतो त्या ऑफिसातच राहिल्या.

त्या कोणत्या, ते आधी पाहू. ऑफिसात पहिल्या उत्तराची वेळ मोजायला तुम्हाला काही करावं लागत नाही, ग्राहकांच्या तक्रारींची, म्हणजे तिकिटांची प्रणाली ती आपोआप मोजते. महिन्याला शेकडो तिकिटं येतात, त्यामुळे एखादा दिवस वाईट गेला तरी सरासरी हलत नाही. दोघं रजेवर गेले तर बाकीचे सांभाळून घेतात. सोमवारी मीटिंग असते आणि तिथे आकडा सगळ्यांसमोर येतो. आकडा मध्येच बदलायचा तर वरच्यांना कारण द्यावं लागतं. घरी यातलं काहीच नसतं. लक्ष्य ठरवणार तुम्ही, काम करणार तुम्ही, मोजणार तुम्ही आणि गुण देणारही तुम्हीच. मुलीला ताप आला की आठवडा गेला, बदली खेळाडू नाही.

ही पद्धत निघाली तीच मुळी मोठ्या कंपनीसाठी. पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये उद्दिष्टांनुसार व्यवस्थापनाची कल्पना मांडली. इंटेलच्या अँडी ग्रोव्ह यांनी सत्तरच्या दशकात तिला आजचं रूप दिलं आणि त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या जॉन डोअर यांनी १९९९ मध्ये ती गूगलमध्ये नेली. ग्रोव्ह यांचे प्रश्न दोनच होते. मला कुठे जायचंय? आणि तिकडे चाललोय हे मला कशावरून कळेल? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं हवं की शेवटी वाद न घालता हो किंवा नाही म्हणता यावं.

इंटेलचंच एक उदाहरण तुमच्या उपयोगाचं आहे. १९८० साली मोटोरोलाच्या ६८००० या चिपपुढे इंटेलची ८०८६ मागे पडू लागली होती. तेव्हा इंटेलने 'क्रश' नावाची मोहीम काढली आणि वर्षभरात २,००० 'डिझाइन विन' मिळवायचे ठरवले. डिझाइन विन म्हणजे एखाद्या कंपनीने आपल्या नव्या यंत्रासाठी तुमची चिप निवडली, एवढंच. यंत्र बाजारात येऊन चिपांची खरी विक्री सुरू व्हायला पुढे बराच काळ जातो. मग इंटेलने विक्रीचा आकडा का नाही धरला? कारण वर्षभरात जे घडवणं आपल्या लोकांच्या हातात होतं आणि जे निर्विवाद मोजता येत होतं, त्यातली पैशाच्या सर्वात जवळची घटना हीच होती. शिवाय एवढा मोठा आकडा विक्रीच्या प्रत्येक माणसाला वाटून दिला की महिन्याला साधारण एकच उरत होता. लक्ष्य त्यांनी ओलांडलं.

आता तुमचा 'ए१ पास' घ्या. तो कोणाला वाटून देता येत नाही आणि आज रात्री साडेनऊला टेबलाशी बसल्यावर त्यासाठी काय करायचं हेही तो सांगत नाही. आठ किलोंचंही तेच.

तुमच्या शीटमधला एकच विषय घेऊन तो शेवटपर्यंत सोडवून दाखवते. जर्मनच घेऊ, कारण त्याला तारीख आहे.

की रिझल्ट लिहिण्याआधी तासांचं गणित करावं लागतं. टीमसाठी हे तुम्ही न सांगता करता, कोण किती दिवस उपलब्ध आहे ते तुम्हाला ठाऊक असतं. स्वतःसाठी सहसा कोणी करत नाही. गोएथे-इन्स्टिट्यूटच्या म्हणण्यानुसार ए१ पातळीला ४५ मिनिटांचे ८० ते २०० तास लागतात, म्हणजे घड्याळी ६० ते १५० तास. आता दोन आठवडे काहीही न बदलता, अभ्यासाला खरोखर किती वेळ मिळतो ते फक्त टिपून ठेवा. नोकरी, मूल आणि घर सांभाळून आठवड्याला चार तास निघाले असं धरू. मला तेही बरेच वाटतात. बारा आठवड्यांचे झाले ४८. म्हणजे अगदी खालचा अंदाज धरला तरी एका तिमाहीत ए१ बसत नाही. तुमची जानेवारीची शीट पहिल्याच दिवशी नापास होती, फेब्रुवारीत काय झालं याला फारसा अर्थ नाही. टीममधल्या कोणी असं लक्ष्य आणलं असतं तर तुम्हीच ते परत पाठवलं असतंत.

तेव्हा हे काम दोन तिमाह्यांचं आहे. पहिल्या तिमाहीचं ऑब्जेक्टिव्ह मी असं लिहीन: 'तिमाहीअखेर परीक्षेची तारीख बिनधास्त घेता यावी, इतकं जर्मन हाताशी असावं.'

पुढची पायरी बेसलाइनची. पहिल्या उत्तराची वेळ 'चार तास' हा आकडा तुमच्या टीमला अर्थपूर्ण वाटला, कारण आधीचे नऊ माहीत होते. जर्मनचे तुमचे 'नऊ' कुठे आहेत? ए१च्या परीक्षेत ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं असे चार भाग असतात. प्रत्येकाला २५ गुण आणि शंभरपैकी ६० मिळाले की पास. सरावाच्या प्रश्नपत्रिका गोएथे-इन्स्टिट्यूटच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी एक प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. लेखी तीन भागांत ऐकणं ८, वाचणं १३, लिहिणं ७, असे ७५ पैकी २८ आले असं समजू. वाईट वाटेल, पण मोजायला सुरुवातीची खूण मिळाली.

मग की रिझल्ट तीनच.

पहिला, लेखी तीन भागांचे सरावातले गुण २८ वरून ५० वर. पन्नासच का, तर मग बोलण्यात २५ पैकी १० मिळाले तरी साठ भरतात.

दुसरा, बोलण्याचा पूर्ण सराव समोर खरा माणूस बसवून सहा वेळा. शिकवणारी बाई, क्लासमधली मैत्रीण, कोणीही चालेल, आरसा चालणार नाही. या भागात आधी स्वतःची ओळख द्यायची असते: नाव, वय, देश, कुठे राहता, भाषा, काम, छंद. मग विषयाच्या चिठ्ठीवरून दुसऱ्याला प्रश्न विचारायचा आणि त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं. शेवटी चित्राच्या चिठ्ठीवरून काहीतरी मागायचं, म्हणजे चित्रात पेन असेल तर 'जरा पेन देता का' एवढंच. मागणं आणि त्याला उत्तर देणं, दोन्ही. यातला निम्मा भाग समोरच्याच्या तोंडून काय येईल त्यावर असल्यामुळे एकटीने पाठ करून तो तयार होत नाही.

तिसरा, बारापैकी किमान दहा आठवडे चार तास भरणं.

तुम्ही लीड आहात, त्यामुळे हा तिसरा वाचून तुमच्या कपाळावर आठी पडली असणार. ऑफिसात आपण हेच तर शिकवतो की 'प्रशिक्षण घेणे', 'पाच मीटिंगा करणे' हे की रिझल्ट नव्हेत, ती कामं झाली, परिणाम लिहा. टीमपुरतं ते बरोबर आहे. काम होतंय की नाही हे तिथे लीडला दिसतच असतं, म्हणून शीटमध्ये फक्त परिणाम लिहिला तरी भागतं. घरी ते बघणारं कोणी नसतं. म्हणून वैयक्तिक शीटमध्ये श्रमाचा एक आकडा परिणामाच्या शेजारी हवाच. मात्र एकच. सगळेच की रिझल्ट श्रमाचे झाले तर शीट हिरवीगार दिसेल आणि जर्मन येणार नाही. ॲपवरची नव्वद दिवसांची सलग हजेरी हा तसला सापळा आहे. रात्री झोपताना दोन मिनिटांत एक धडा उरकला की हजेरी लागते, ऐकणं आणि बोलणं आहे तिथेच राहतं.

तिमाही संपली, आता गुण द्यायचे. लेखी ४४ पर्यंत आलात असं धरू. वाढायचे होते २२ गुण, वाढले १६, म्हणजे ०.७३. बोलण्याचा सराव सहापैकी चार वेळा, ०.६७. दहापैकी नऊ आठवडे भरले, ०.९. सरासरी ०.७७ येते, पण तिला मी फारसा भाव देत नाही. एका माणसाच्या तीन आकड्यांची सरासरी काढून काही कळत नाही. त्यांचं एकमेकांशी काय जमतंय ते पाहायचं. श्रम ०.९ आणि परिणाम ०.७३, म्हणजे बसणं नियमित झालं आणि शिस्तीवर बोट ठेवायला जागा नाही. मग ४४ फोडून पाहा. ऐकणं ११, वाचणं १९, लिहिणं १४. लिहिणं दुप्पट झालं, ऐकणं मात्र ८ वरून कसंबसं ११ वर आलं. पुढच्या तिमाहीतले तास ऐकण्याकडे वळवायचे, हा निर्णय शीटनेच दिला. हेच जर श्रम ०.३ आणि परिणाम ०.३ असते, तर पुस्तक वाईट की क्लास वाईट या चर्चेला अर्थच नव्हता, कारण पद्धत वापरून पाहिलीच गेली नव्हती. तिथे फक्त वेळेचा प्रश्न सोडवायचा. तुमच्या ०.२ च्या मागे या दोहोंपैकी काय होतं, हे आज तुम्हालाही सांगता येणार नाही, म्हणून शिस्तीबद्दल मी सुरुवातीला गप्प बसले.

एक सूचना ०.७ बद्दल. गूगलमुळे '०.७ म्हणजे छान' हे सगळीकडे रुजलं, पण तिथेही ते फक्त मुद्दाम उंच ठेवलेल्या लक्ष्यांपुरतं आहे. ज्यावर दुसऱ्याचं काही अवलंबून आहे, जे कबूल केलंय, ते पूर्ण १.० व्हावं अशी अपेक्षा असते. तुम्ही सगळ्यांना एकच फूटपट्टी लावलीत. पहिल्या तिमाहीतला ४४ चा आकडा ०.७३ म्हणून गोड मानायला हरकत नाही. दुसऱ्या तिमाहीत परीक्षा पास होणं हे मात्र कबूल केलेलं लक्ष्य आहे. तिथे ५९ गुणांना कोणी ०.९८ देत नाही. शीटमध्ये प्रत्येक ओळीपुढे हे आधीच लिहून ठेवा: ही ओळ 'व्हायलाच हवी'तली की 'जमेल तितकी'तली.

बाकीच्या दोन ऑब्जेक्टिव्हचं काय? माझं मत असं की एका तिमाहीत एका माणसाने एकच ओकेआर घ्यावा. नोकरीतला धरला तर तुमचे तसेही दोन होतात. बाकीचं सोडून द्यायचं असं नाही, ते फक्त आहे तसं चालू ठेवायचं, वाढवायचं नाही. तरी दोन्हींबद्दल थोडं बोलते, कारण दोन्हींत एकेक वेगळी गाठ आहे.

वजनाचा आकडा तुमच्या तिकिटांच्या सरासरीसारखा स्थिर नसतो. मीठ, पाणी, पाळीचे दिवस यांनी तो दोन दिवसांत किलो-दीड किलो सहज इकडेतिकडे होतो. सोमवारी सकाळच्या एका आकड्यावर आठवड्याचे गुण दिले तर कष्ट करूनही नापास व्हाल किंवा काही न करता पास. सात सकाळच्या वजनांची सरासरी काढा आणि तिची मागच्या आठवड्याच्या सरासरीशी तुलना करा. आठवड्याला अर्धा किलो हा झेपणारा वेग धरला तर बारा आठवड्यांचे सहा किलो होतात. तुमचे आठ त्यात बसत नाहीत, आणि तेही जर्मन शिकता शिकता.

बचतीची गाठ निराळी आहे. महिन्याला वीस हजार शिल्लक हा तुमचा वैयक्तिक ओकेआर नव्हेच, तो टीमचा आहे. घरात खर्च करणारी माणसं किमान दोन आणि शीट फक्त तुमच्या लॅपटॉपवर. ज्याचा खर्च त्या आकड्यात धरलाय त्याला विचारलंच नाही, तर तो की रिझल्ट दुसऱ्या टीमच्या कामावर बेतलेला राहतो, आणि त्याचं काय होतं हे तुम्हाला ऑफिसात पुरेपूर माहीत आहे. नवऱ्याबरोबर बसून आकडा दोघांनी ठरवा, आणि घरात सासू-सासरे असतील तर त्यांनाही निदान कानावर घाला. दुसरं, ग्रोव्ह यांचा आग्रह असायचा की एका मापाला तोलून धरणारं दुसरं माप शेजारी हवं. तुमच्या टीममध्ये फक्त पहिल्या उत्तराची वेळ पाहिली तर 'आम्ही बघतो आहोत' असं उत्तर दहा मिनिटांत जाईल आणि तिकीट तीनदा पुन्हा उघडेल, म्हणून पुन्हा उघडलेली तिकिटंही मोजायची. घरीही तसंच. तीन महिन्यांत आरडीत ६० हजार गेले आणि त्याच काळात क्रेडिट कार्डाची थकबाकी २२ हजारांनी वाढली, तर खरी शिल्लक ३८ हजार. की रिझल्ट लिहायचा तो या वजाबाकीचा.

आणि मुलीबरोबरचा अर्धा तास शीटमधून काढून टाका. जी गोष्ट मोजायला लागल्यावर बिघडते ती ओकेआरमध्ये घालू नये. आठ वाजून अठ्ठावीस मिनिटांनी आई घड्याळाकडे बघतेय हे मुलांना लगेच कळतं.

आता सोमवारच्या मीटिंगची सोय. दर रविवारी रात्री दहा मिनिटं पुरतात, पण दुसरं माणूस हवं. नवरा असेलच असं नाही, खरं तर शक्यतो नकोच, त्याची ऑफर या प्रकरणात गुंतलेली आहे. क्लासमधली कोणी किंवा तुमच्यासारखीच स्वतःची शीट असलेली मैत्रीण बरी. फोनवर तीनच गोष्टी सांगायच्या: या आठवड्यात किती तास झाले, तिमाहीअखेर ५० गाठेन याची खात्री दहापैकी किती वाटते, आणि पुढच्या आठवड्यातले चार तास नेमके कोणत्या दिवशी. खात्रीचा आकडा सर्वात कामाचा असतो. तो सातावरून पाचावर आणि पाचावरून तिनावर असा दोन आठवडे सलग घसरला, तर गुण घसरण्याआधीच तुम्हाला कळलेलं असतं. तुमची शीट फेब्रुवारीच्या मध्यात बंद पडली म्हणता, माझा अंदाज असा की हा आकडा जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यातच तिनावर असता, फक्त तो कोणी विचारला नाही.

मध्येच लक्ष्य बदलावं लागलं तर बदला, पण सहाव्या आठवड्यातच, एकदाच. जुना आकडा खोडायचा नाही. त्याच्यावर रेघ मारून शेजारी नवा आकडा आणि एका ओळीत कारण: 'मुलगी आजारी, दोन आठवडे शून्य तास, ५० ऐवजी ४४.' घरी लक्ष्य गुपचूप खाली आणायला परवानगी लागत नाही, म्हणून निदान त्याची खूण राहू द्या. कामाच्या गडबडीत एखादा आठवडा पूर्ण बुडाला तर पुढच्या आठवड्यात आठ तास भरून काढायला जाऊ नका. दहा आठवड्यांची अट बारातून ठेवलीय ती त्यासाठीच, दोन आठवडे आधीच माफ आहेत.

हे सगळं सुरू करण्याआधी दोन फोन मात्र याच आठवड्यात करा. जर्मनीत जाणाऱ्या जोडीदाराला ए१ची अट प्रत्येक वेळी लागतेच असं नाही. नवऱ्याला कोणत्या प्रकारचा परवाना मिळणार यावर ते ठरतं, उदाहरणार्थ ब्लू कार्ड असेल तर जोडीदाराला भाषेच्या प्रमाणपत्रातून सूट आहे. तेव्हा ऑफर देणाऱ्या कंपनीला परवान्याचा प्रकार विचारून घ्या आणि व्हिसाच्या अधिकृत पानावर तपासा. दुसरा फोन पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनला, म्हणजे गोएथे-इन्स्टिट्यूटच्याच इथल्या केंद्राला: ए१च्या पुढच्या परीक्षा कधी आहेत आणि नोंदणी कधी उघडते. दुसऱ्या तिमाहीची शेवटची तारीख त्या उत्तरावरून ठरेल. आणि पहिल्या फोनवर सूट मिळते असं कळलं, तर 'व्हायलाच हवी'तली ती ओळ 'जमेल तितकी'त हलवा आणि तिमाहीचा एकच ओकेआर जर्मनला द्यायचा की वजनाला, ते पुन्हा ठरवा.